सहावा नंबर पंधरावा कसा झाला

समस्त पालक, पालकांचे पालक, आत्या, माम्या, आणि निकालाच्या दिवशी कारण नसताना घरी येऊन बसणारे शेजारी यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, शाळेत नंबर खाली गेला म्हणजे डोक्यातली विद्या खाली गेली, असे सिद्ध झालेले नाही. हे जाहीर करताना माझा चेहरा करारी आहे, मान ताठ आहे आणि उजवा हात कोटाच्या छातीपाशी आहे. कोट आता पोटाशी बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

ही घोषणा मी पहिल्यांदा केली तेव्हा कोट बसत होता. साताऱ्याहून सांगलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, कृष्णाकाठच्या एका बाजारपेठेच्या गावात मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. लढाईची वर्षं. शाळा नवी, कौलारू, आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं पायी येत. या शाळेचं दर महिन्याला एक पत्रक निघायचं. चार पानी, सांगलीच्या छापखान्यात छापलेलं. कागदाची टंचाई आली तसं ते दोन पानी झालं, आणि शाई अशी पुसट यायची की उजेडाकडं धरून वाचावं लागे. त्यात गॅदरिंगची बातमी, शाळेला मिळालेल्या पुस्तकांची पोच आणि शेवटी एक सदर असे. ‘विद्यार्थ्यांच्या अध्ययनगतीचे समालोचन.’

ते सदर हेडमास्तर स्वतः लिहीत. माणूस सोन्यासारखा, पण हातात लेखणी आली की त्यांच्या अंगात संस्कृत पाठशाळा संचारायची. ‘प्रस्तुत परीक्षेच्या फलनिष्पत्तीवरून असे अनुमान निघते की, कतिपय विद्यार्थ्यांची गणितविषयक प्रगती अपेक्षित मर्यादेप्रत पोहोचलेली नाही.’ एकदा हे वाक्य घेऊन एक शेतकरी दोन कोस चालत आला. फेटा हातात, चेहरा उतरलेला. शाळेच्या पायरीवर मला गाठून म्हणाला, “मास्तर, खरं काय ते सांगा. जमीन जाणार का?”

कोर्टाची नोटीस आली असं त्याला वाटलं होतं. त्याच्या पोराला गणितात तीन मार्क कमी पडले होते, एवढंच.

ही हकीकत मी शिक्षकांच्या खोलीत नकलेसकट करून दाखवली. दोन्ही भूमिका मीच केल्या, शेतकऱ्याची आणि वाक्याची. हेडमास्तर दारात उभे आहेत हे मला उशिरा कळलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “आपणांस एवढे सुचते, तर या महिन्यापासून ते सदर आपणच लिहावे.” अशा रीतीनं मी लेखक झालो.

मी पहिलं काम केलं ते सदराचं नाव बदलण्याचं. ‘तुमचं मूल शाळेत काय शिकलं’ असं नाव ठेवलं. दुसरं काम म्हणजे लिहिलेलं मोठ्यानं वाचणं. कारण पत्रक खेड्यात गेलं की ते कुणी डोळ्यांनी वाचत नसे, कानांनी ऐकत असे. शाळेत जाणारं पोर ते देवळाच्या पारावर वाचून दाखवी आणि बाकीचे माना हलवीत. म्हणून मी मजकूर आधी माझ्या खानावळीच्या काकूंना ऐकवायचो. त्या भाकरी थापीत बसलेल्या असत. थापण्याचा आवाज चालू राहिला तर वाक्य पास. आवाज थांबला आणि त्यांनी मान वर केली तर वाक्य नापास. ‘प्रत्येक विषयात शंभरातले पस्तीस मिळाले म्हणजे पास’, भाकरी चालू. ‘तुलनात्मक दृष्ट्या’, भाकरी बंद. ‘तुलनात्मक दृष्ट्या’ मी खोडून टाकलं.

दोनतीन महिने सगळं छान चाललं होतं. लोक पत्रक ऐकू लागले. बाजारात मला हाका मारू लागले. मी जरा फुगलोही होतो. आणि तेवढ्यात मुंबई आमच्या शाळेत येऊन बसली.

त्या हिवाळ्यात मुंबईवर बाँब पडणार अशी आवई उठली आणि ज्यांचं ज्यांचं गाव होतं ती बिऱ्हाडं ट्रंका घेऊन गावी परतली. आमच्या पेठेत प्रत्येक माडी भरली. त्यांची मुलं आमच्या वर्गांत आली. पायात मोजे, भांग पाण्यानं चोपलेला, आणि इंग्रजी तर अशी फडाफडा बोलत की आमचे इंग्रजीचे शिक्षक तास सुरू होण्याआधी दोनदा पाणी पीत. पोरं वाईट नव्हती. चार दिवसांत मोजे दप्तरात गेले आणि आमच्या पोरांबरोबर नदीत डुंबू लागली. पण माघात नऊमाही परीक्षा झाली, आणि प्रगतिपुस्तकातल्या शेवटच्या रकान्यात धुमाकूळ झाला. वरचे सगळे नंबर मुंबईनं घेतले. आमची खेड्यातली मुलं, जशी होती तशीच, काही तर आधीपेक्षा बरी, धडाधड खाली आली.

इंग्रजी दुसरीत, म्हणजे आताच्या सहावीत, आमच्याकडं मुली चारच. त्यांतली एक नदीपलीकडच्या खेड्यातून यायची. अंगानं बारकी, बोलायला कमी, पण शंका विचारायची असली की हात सरळ आढ्याकडं. दिवाळीआधी सहामाहीत तिचा वर्गात सहावा नंबर होता. नऊमाहीत पंधरावा आला. मार्क मात्र वाढले होते. शंभरात बावन्न पडत ते एकोणसाठ पडले होते.

प्रगतिपुस्तक सही करून आणायचं असतं. तिनं आणलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “सर, पाडव्यापासनं मी येणार न्हाई.”

“का?”

“आज्जा म्हणतोय, पोरगी मागं निघाली.”

तिचे वडील पलटणीत, दूर मिसरात की कुठं लढाईवर. घरचा कारभार आजोबांकडं. आजोबा स्वतः पहिल्या महायुद्धात हवालदार होते. अजून पहाटे उठून दाढी करणारे, मिशा पिळणारे, अंगणात चालतानाही डावा-उजवा पाय मोजणारे. नातीला शाळेत घालताना त्यांनी अट घातली होती: पहिल्या दहांत राहशील तोवर शाळा. त्याच्या खाली गेलीस की घरी, आईच्या हाताखाली, आणि मग बघू एखादं स्थळ. मराठी ते जेमतेम वाचत, पण आकडे त्यांना लख्ख कळत. प्रगतिपुस्तकात त्यांनी सगळ्यांत खालचा आकडा पाहिला आणि पुस्तक मिटलं.

आता एका पोरीसाठी हेडमास्तरांनी खेड्यात जाऊन विनवण्या करायच्या, असा रिवाज नव्हता. पण माझ्या हातात सदर होतं! मी ठरवलं, फाल्गुनाच्या पत्रकात असं लिहायचं की हवालदारांना आपली चूक आपोआप दिसली पाहिजे. नाव घ्यायचं नाही. पोरीला लाज वाटेल असं काही म्हणायचं नाही. मी लिहिलं:

‘समजा, एक मुलगी आहे. दिवाळीआधी तिच्या वर्गात चोवीस मुलं होती, तिचा नंबर सहावा. मग बाहेरगावची चौदा हुशार मुलं त्या वर्गात आली. आता तिचा नंबर पंधरावा. पण मार्क आधी बावन्न होते, ते आता एकोणसाठ आहेत. ही मुलगी मागं गेली का? नाही. ती पुढं गेली. पाहुणे जास्त आले म्हणून पंगतीत जागा मागची मिळाली, एवढंच. नंबर सांगतो, वर्गात कोण कोण आहे. आपलं मूल किती शिकलं, हे नंबर सांगत नाही. म्हणून प्रगतिपुस्तक हातात आलं की आधी मार्क बघा, मागच्या वेळचे मार्क बघा, आणि नंबर सगळ्यांत शेवटी बघा. कुणा आजोबांनी नुसता नंबर बघून मुलीची शाळा बंद करू नये.’

भाकरी शेवटपर्यंत चालू होती. काकू एवढंच म्हणाल्या, “आजोबा कोण ते सगळ्यांना कळंल हो.”

“कळू दे!” मी म्हणालो. मला तेच हवं होतं.

पत्रक गेलं. चार दिवसांनी बाजार होता. मी भाजी घ्यायला उभा, तेवढ्यात एका तेल्यानं माझा हात धरला. “मास्तर, माझ्या पोराचं लिवलंसा. लय उपकार. बायकू रडली ऐकून.” त्याचा पोरगा मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात, मुलगा, आणि नंबर एकोणीस. मी म्हणालो, “अहो, त्यात मुलगी लिहिली आहे.” तर डोळा मिचकावून म्हणतो, “व्हय, व्हय, ते नाव झाकायला. कळतं आमाला.”

पुढं गुळाच्या आडतीपाशी आणखी एक जण. मग एक बाई, माणदेशाकडच्या, पोराला मामाच्या घरी शिकायला ठेवलेल्या. त्यांनी तर मला भुईमुगाच्या शेंगांची ओंजळ दिली आणि म्हणाल्या, “माझ्या लेकराचं गाऱ्हाणं छापलंसा, देव भलं करो.” त्या दिवशी बाजारातून मी घरी आलो तेव्हा पिशवीत भाजीपेक्षा कृतज्ञताच जास्त होती. ज्याचं ज्याचं पोर खाली आलं होतं, त्या प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याच घरचं आहे. मी हवेत होतो. आता हवालदार येणार, डोळे पुसणार, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार. कोणता हात, तेही मी ठरवून ठेवलं होतं.

हवालदार आले. पुढच्याच आठवड्यात, शाळेच्या व्हरांड्यात, काठी काखेत दाबून. मला बाजूला घेतलं, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, ते पत्रक नातीनं वाचून दाखवलं पारावर. समदं गाव ऐकत हुतं.”

“मग?”

“लय वंगाळ वाटलं बगा. आसलं कसलं ते म्हातारं! पोरीचं मार्क वाढल्यात आन् शाळा बंद करतंय. डोस्कं हाय का खोकं? तुमी त्याच्या घरी जावा. न्हाईतर मला गाव सांगा, मी जातो. पलटणीतला माणूस हाय, मी समजावतो त्याला.”

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. गॅदरिंगच्या नाटकांत एवढी वर्षं काम करून मला इतकं निर्मळ, इतकं खरं तोंड कधी जमलं नव्हतं. त्यांना काडीचाही संशय नव्हता!

“हवालदार,” मी म्हणालो, “तुमच्या नातीचा नंबर कितवा आला?”

“पंधरावा.”

“आधी?”

“सहावा. पर आमचं येगळं हाय, मास्तर. आमची खरंच मागं ग्येली.”

आता माझी पाळी होती. मी त्यांना खाली पायरीवर बसवलं, प्रगतिपुस्तक मागवलं आणि सगळं आकड्यांवर बोट ठेवून दाखवलं. बावन्न. एकोणसाठ. चोवीस मुलं. अडतीस मुलं. ते ऐकत गेले, मिशी पिळत गेले. शेवटी त्यांच्या डोक्यात उजेड पडला असं मला वाटलं, आणि पडलाही, पण भलत्याच बाजूनं.

“एक इचारतो,” ते म्हणाले. “ह्यो एकूणसाट मार्काचा पेपर सोपा काढला आसंल तर?”

मी पुस्तकातले आकडे पुन्हा बघू लागलो.

“म्हंजी बगा, आधी पेपर अवघड हुता, तवा बावन्न. आता सोपा, म्हणून एकूणसाट. मंग पोरगी शिकली कुठं? पेपर उतरला.”

वाचकहो, खरं सांगतो, हा प्रश्न शाळेतल्या एकाही शिक्षकानं मला विचारला नव्हता. दोन वेगळे पेपर म्हणजे दोन वेगळी मापं. मार्क वाढले म्हणून छाती काढायची आणि कमी झाले म्हणून रडायचं, यातही तितकाच घोळ आहे. मी ते कबूल केलं. “मग कळावं कसं?” असं मी त्यांनाच विचारलं.

“आमच्या पलटणीत चांदमारी आसायची,” हवालदार म्हणाले. काठी त्यांनी बंदुकीसारखी धरली आणि व्हरांड्याच्या टोकाला ठेवलेल्या पाण्याच्या डेऱ्यावर नेम धरला. शाळेचा शिपाई त्या वेळी तिथं पाणी पीत होता, तो बाजूला झाला. “तेच निशाण. तेवढंच अंतर. पयल्या महिन्याला धात तीन गोळ्या लागल्या. तीन महिन्यांनी त्याच जागंवर उभा केला, धात सात लागल्या. मंग सायेब म्हणायचा, जवान सुधारला. निशाण बदललं तर कसं कळायचं?”

मी उडालोच. पायरीवरून उठून मी त्यांचा हात हातात घेतला. ठरवलेला हात नव्हे, मिळाला तो.

चैत्राचं पत्रक आम्ही पाडव्याआधीच काढलं आणि त्यातलं सदर त्या चांदमारीतून निघालं. मी लिहिलं: ‘आपलं मूल शिकलं का, हे घरच्या घरी बघायचं असेल तर एक उपाय आहे. खाली सहामाहीच्या पेपरातली तीन गणितं दिली आहेत. तेव्हा ती ज्यांना आली नव्हती, त्यांना आता घाला. तेव्हा न आलेलं आता आलं, म्हणजे मूल पुढं गेलं. शाळेला विचारायची गरज नाही. उत्तरं शेवटी दिली आहेत. मात्र तीन गोष्टी पाळा. उत्तर सुचवू नका. ओरडू नका. आणि शेजारच्या पोराला जवळ बसवू नका. एखादं गणित आलं नाही तर मुलाला बोल लावू नका. कोणतं आलं नाही तेवढं आम्हाला कळवा, ते आम्ही पुन्हा शिकवू.’

हेडमास्तरांनी कच्चा मजकूर वाचला आणि चष्मा काढला. “परीक्षा आता घरोघरी होणार म्हणता?”

“होय.”

“आणि आम्ही शिकवले नाही असे निघाले तर?”

“तर आपल्याला कळेल, सर.”

त्यांनी मजकूर पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. सही करताना मात्र ‘फलनिष्पत्ती’ हा एक शब्द तरी कुठं घालता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. माझ्या नोकरीतलं ते सर्वांत धाडसी ‘नाही’.

पाडव्याला आठ दिवस राहिले असतील. हवालदारांचा निरोप आला. रविवारी दुपारी मारुतीच्या देवळापुढं नातीची चांदमारी ठेवली आहे, हेडमास्तर सायेबांनी आणि मास्तरांनी यावं. पोरीला त्या तिन्ही गणितांत सहामाहीत शून्य होतं. तिन्ही चुकली होती, हे हवालदारांनी तिच्याकडून आधीच काढून घेतलं होतं. त्यांनी नवी अटही घातली होती. पंधरावा नंबर ते विसरायला तयार होते, पण आज निशाण लागलं पाहिजे. नाही लागलं तर पाडव्यापासून शाळा बंद, आणि मग पत्रकानंही बोलायचं नाही.

‘ओरडू नका, शेजाऱ्याला बसवू नका’ असं मी छापलं होतं. इथं अख्खं गाव बसलं होतं! पारावर म्हातारे, खाली तरणे, देवळाच्या भिंतीला टेकून बायका. आम्हा दोघांना घोंगड्या अंथरल्या होत्या. पोरगी मधोमध पाटी घेऊन मांडी घालून बसलेली. मी तिच्याकडं बघून हसलो. ती हसली नाही. तिचे डोळे पाटीवर होते आणि पेन्सिल बोटांत घट्ट.

पहिलं गणित मी वाचलं. ‘एका शेतात पाच मण चार पायल्या ज्वारी झाली. चार भावांत सारखी वाटली. प्रत्येकाला किती आली?’ सहामाहीत तिनं मण वाटले होते आणि चार पायल्या तशाच सोडून दिल्या होत्या.

पोरीनं पेन्सिल टेकली, आणि पारावरचा म्हातारा वर्ग तिच्या आधी सुटला. बोटांच्या पेरांवर अंगठे पळू लागले.

“एक मण चार पायल्या!” एक जण ओरडला.

“चारच! बरोबर!” दुसरा.

“गप बसा की रं, पोरीला करू द्या!” हवालदार गरजले. पण उत्तर त्यांनाही पटलं होतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

मी पत्रकाच्या शेवटी बघितलं. तिथं छापलं होतं: एक मण पाच पायल्या. मी घाम पुसला. हेडमास्तरांनी माझ्या हातातलं पत्रक वाकून पाहिलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मला पुन्हा एकदा जमीन जाणार की काय असं वाटलं. पोरीचं उत्तर पत्रकासारखं आलं तर गाव म्हणणार चूक. गावासारखं आलं तर शाळा म्हणणार चूक.

पोरगी लिहिता लिहिता थांबली. तिनं मान वर केली. वर्गात करायची तसाच हात सरळ वर केला.

“आज्जा, मण कंचा धरायचा? आपला का पुस्तकातला?”

मलाच आधी कळेना. “दोन मण असतात का?” मी विचारलं.

“व्हय, सर. आमच्याकडं बारा पायल्यांचा मण. पुस्तकात सोळा पायल्यांचा.” तिनं पाटी वळवून दाखवली. एका बाजूला तिनं दोन्ही मांडायला घेतलं होतं. “आपल्या मणानं चौसष्ट पायल्या. चौघांत सोळा. म्हंजी एक मण चार पायल्या. पुस्तकातल्या मणानं चौऱ्याऐंशी. चौघांत एकवीस. म्हंजी एक मण पाच.”

पारावरच्या एका म्हाताऱ्यानं बोटं पुन्हा मोजली आणि शेजाऱ्याच्या पाठीत थाप मारली. “आरं, दोनी बरोबर की!” मी हेडमास्तरांकडं पाहिलं. ते पाटीवर वाकले होते आणि ओठ हलवत स्वतःच सोळानं गुणत होते. बायकांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. ती पोरीची आई होती असं मला मागाहून कळलं.

हवालदारांनी हातातली काठी एकदा जमिनीवर आपटली. “एक लागली. पुढं.”

दुसरं गणित रस्त्याचं होतं. दोन गावांतलं अंतर, बैलगाडी आणि माणूस, कोण कधी पोहोचेल. गाडीवाल्यांना ते आवडलं, पण या वेळी त्यांनी बोटं आवरली. पोरीनं पाटी पुसली, मांडलं, आणि उत्तर सांगितलं. मी पत्रकात बघितलं. बरोबर. काठी पुन्हा आपटली. “दोन.”

माझा आनंद आता मावत नव्हता. मी मनातल्या मनात उद्याच्या शिक्षकांच्या खोलीतला प्रवेश बसवू लागलो होतो. हेडमास्तर मात्र नियमाचे माणूस. त्यांनी घसा खाकरला. “तिसरे गणित शिल्लक आहे.”

तिसरं हौदाचं होतं. एका नळानं भरतो, दुसऱ्यानं रिकामा होतो, दोन्ही सोडले तर किती वेळात भरेल, त्यात अपूर्णांक. मी ते वाचलं. पोरीनं पेन्सिल उचलली. टेकली. उचलली. पाटीवर एक तिरकी रेघ ओढली आणि पुसली. देवळापुढं आता एवढी शांतता की पिंपळावरच्या साळुंक्या ऐकू येऊ लागल्या. हवालदार पुढं वाकले. माझ्या मनात एकच होतं, थांबा, दोन पुरेत, उठा आता. पण तोंड उघडायचं नव्हतं. नियम माझाच होता.

पोरीनं पेन्सिल खाली ठेवली. तिनं आजोबांच्या डोळ्याला डोळा दिला.

“ह्ये मला अजून येत न्हाई, आज्जा.”

हेडमास्तरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणाच्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. हवालदारांनी काठी हातात फिरवली. एकदा पाटीकडं बघितलं, एकदा नातीकडं, एकदा आमच्याकडं. मिशीचं टोक तोंडात गेलं ते त्यांनी बाहेर काढलं. आणि मग, गावाला नव्हे, आम्हालाही नव्हे, तर जणू बराच वेळ आत कोंबलेलं काहीतरी एकदम सुटावं तसं ते ओरडले:

“आगं, येत न्हाई म्हणून तर शाळंत धाडायची! समदं येत आसतं तर घरातच ठिवली आसती की!”